उद्यापासून सही तिची

बढतीचं पत्र माझ्या टेबलाच्या खणात सोमवारपासून पडून होतं आणि गुरुवार उजाडला तरी मी ते कुणाला दाखवलं नव्हतं. माझा स्वभाव तसा नाही हो. माझ्या पोटात तीळ भिजत नाही. पण या पत्राने माझी झोप उडवली होती. खण उघडायचा, पाकीट बघायचं, खण बंद करायचा. मग उठून खिडकीपाशी जायचं, परत यायचं. आमच्या पॅकिंगच्या काकू शेवटी म्हणाल्या, "ताई, खणात उंदीर आहे का?"

आमचा विभाग रुग्णालयाच्या तळमजल्यावर. वर थिएटरमध्ये ऑपरेशन झालं की हत्यारं खाली आमच्याकडे येतात. एका दाराने मळकी आत, धुवायची, वाळवायची, मोजून ताटात लावायची, दुहेरी कापडात बांधायची, वाफेच्या मशीनमध्ये घालायची आणि दुसऱ्या दाराने निर्जंतुक होऊन बाहेर. मी या विभागाची प्रमुख. हाताखाली नऊ माणसं. आमचं नाव वर कुणाला ठाऊक नसतं. काही चुकलं तरच आमची आठवण होते.

पत्रात जिचं नाव होतं तिला सगळे 'तीनदा' म्हणतात. कारण ती प्रत्येक ताट तीनदा मोजते. एकदा वाळवताना, एकदा लावताना, एकदा बांधायच्या आधी. चिमटे सहा, कात्र्या चार, पकडी बारा. ओठ हलतात, आवाज येत नाही. कुणी मध्ये बोललं की परत पहिल्यापासून. नवीन माणसं वैतागतात, जुनी हसतात.

ती मोजते त्याला कारण आहे. अकरा वर्षांपूर्वी ती इथे लादी पुसायला लागली. मग धुलाईला घेतली. पहिल्याच महिन्यात तिने लावायला मदत केलेल्या एका ताटात एक पकड कमी गेली. यादीत बारा, ताटात अकरा. ऑपरेशन संपताना वर मोजणी जुळेना. माणूस टेबलावर, पोट उघडं, आणि सगळे एक पकड शोधतायत. चाळीस मिनिटं. पकड आमच्या सिंकच्या जाळीत निघाली. रुग्णाला काही झालं नाही, तिला कुणी फारसं रागावलंही नाही. पण ती त्या दिवशी घरी गेली ती जेवलीच नाही, असं तिच्या सासूने मला नंतर सांगितलं. सासू खमकी बाई. "पोरीला परीक्षा देऊ दे, पोळ्या मी लाटते," म्हणाली आणि खरंच लाटल्या. नवरा बस चालवतो, त्याच्या पाळ्या फिरत्या. अशा घरात, अडतिसाव्या वर्षी, लेक दहावीला आणि ही प्रमाणपत्राच्या परीक्षेला. दोघी एकाच टेबलावर अभ्यासाला बसायच्या. लेकीपेक्षा हिला जास्त मार्क पडले म्हणून लेक दोन दिवस रुसली होती.

तर अशा बाईला पाळीप्रमुख केलं होतं, तेही माझ्याच शिफारशीवर. यात अडायचं काय?

अडलं होतं ते मामापाशी. मामा म्हणजे आमचा सगळ्यात जुना तंत्रज्ञ. सव्वीस वर्षं झाली. मशीनच्या आवाजावरून सांगेल दाराचं रबर गेलंय ते. मी इथे नवखी आले तेव्हा मला वाफ, दाब, तापमान सगळं त्याने शिकवलं. मी प्रमुख झाले तरी मला 'पोरी'च म्हणतो, चारचौघांत. ती जागा सहा वर्षांपूर्वी एकदा निघाली होती, तेव्हा भरलीच नाही. आता परत निघाली आणि सगळ्यांनी, मामानेही, धरून चाललं होतं की ती त्याची. त्याच्या बायकोने तर शेजारणीला सांगूनही टाकलं होतं.

गुरुवारी दुपारी दोन पाळ्या एकमेकींना भेटतात त्या अर्ध्या तासात मी सगळ्यांना पॅकिंगच्या टेबलाभोवती बोलावलं. चहा मागवला, बिस्किटं मागवली. मनात काय सांगायचं ते पक्कं होतं. मशीनमधून निघालेला माल वर पाठवायची सही उद्यापासून फक्त तिची. सकाळची रिकाम्या मशीनची चाचणी ती बघणार. पाळ्या ती लावणार, रजेचा अर्ज आधी तिच्याकडे जाणार. थिएटरचा फोन ती घेणार. तिची पॅकिंगची जागा बाकीचे आळीपाळीने भरणार. पाच गोष्टी. पाठ केल्या होत्या मी.

आणि मामा समोर बसला होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

मी पत्र वाचलं ते आगगाडी सुटल्यासारखं. नाव वाचलं. मग काकूंनी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी वाजवल्या, मामानेही वाजवल्या, दोन. तीनदाने मान खाली घातली आणि कान लाल. मी मामाकडे पाहिलं आणि माझी जीभच फिरली. म्हणाले, "तसं फारसं काही बदलणार नाही. आपण सगळे घरचेच. एकमेकांना सांभाळून घ्या, आत्तापर्यंत जसं चाललंय तसंच चालेल." मग बिस्किटांची बशी पुढे केली. झाली घोषणा!

तीनदा माझ्याकडे बघत होती. पुढचं काही येईल म्हणून वाट बघत होती ती. मी चहा पीत राहिले. वर थिएटरला पाठवायची सूचना लिहून तयार होती, तिच्या सहीच्या नमुन्यासकट. म्हटलं, आज राहू दे, वातावरण निवळू दे, सोमवारी पाठवू. माझ्यासारखी भित्री भागुबाई दुसरी नसेल.

आता 'जसं चाललंय तसं' म्हणजे काय चाललं होतं, ते सांगायला हवं. मशीनच्या प्रत्येक फेरीचं एक पान असतं. फेरीचा क्रमांक, वेळ, तापमान, दाब, ताटावर चिकटवलेल्या, वाफेने काळ्या होणाऱ्या पट्टीचा रंग बदलला का, आणि खाली माल सोडणाऱ्याची सही. मशीन थांबल्यावर हे सगळं बघून मग सही करायची असते. आमच्याकडे सकाळी आल्या आल्या मामा दिवसभराच्या आठही पानांवर सही करून ठेवायचा. आगाऊ. फेरी सुटायच्या आधी, मशीन तापायच्याही आधी. मग दिवसभर जो दार उघडेल तो आकडे भरायचा आणि माल वर. वेळ वाचायचा. आणि त्या सह्यांकडे कुणी बघायचं नाही, कारण कित्येक वर्षं कुणी बघितलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी सातला तीनदाने रिकाम्या मशीनची चाचणी लावली. चाचणीचा कागद सगळीकडे सारखा काळा झाला पाहिजे, मध्ये फिकट राहिला तर आत हवा अडकली असं समजायचं. कागद नीट आला. मग पहिली फेरी. त्यात हाडाच्या ऑपरेशनचं ताट होतं, हाडात बसवायच्या धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू. शरीरात कायमचं राहणारं काही असलं की नुसत्या पट्टीच्या रंगावर भागत नाही. फेरीबरोबर एक छोटी नळी घालतात, तिच्यात चिवट जंतूंची बीजं असतात. फेरी झाली की ती नळी उबदार खोबणीत ठेवायची. आमच्या नळीला तीन तास लागतात. तीन तासांत काही वाढलं नाही, तर जंतू मेले, माल सोडा. तोवर ताट बाजूच्या कपाटात, लाल पाटीखाली.

साडेआठला फेरी निघाली. पावणेनऊला नळी खोबणीत. म्हणजे पावणेबाराच्या आधी ते ताट हलायला नको.

पावणेदहाला फोन वाजला. तीनदा धुलाईच्या बाजूला होती, दोन दारांपलीकडे. फोन मामाने घेतला. वरच्या सिस्टर म्हणाल्या, साडेबाराचा रुग्ण दहाला घेतोय, ताट पाठवा. मामाने पट्टी बघितली, काळी. मशीनचा आलेख बघितला, उत्तम. पानावर सही होतीच. त्याचीच, सकाळची. त्याने ताट ढकलगाडीवर घातलं आणि पाठवून दिलं. वाईट हेतू नव्हता त्याचा, हे मी शपथेवर सांगेन. त्याला दोनच दिवसांपूर्वी मी स्वतः सांगितलं होतं की काही बदलणार नाही.

तीनदा परत आली तर लाल पाटीखालचं कपाट रिकामं. तिने वर फोन लावला.

"ते ताट उघडू नका सिस्टर. नळी व्हायची आहे."

"मामांनी सोडलंय. सही आहे."

"सही माझी लागते."

"तुमची? कधीपासून? आम्हाला तर काही कळवलं नाही कुणी."

तीनदाने फोन ठेवला आणि जिन्याने धावत गेली. तीन मजले. थिएटरच्या बाहेर रुग्ण स्ट्रेचरवर होता, भूल द्यायची होती. ताट अजून बांधलेलं होतं. तिने ते उचललं, छातीशी धरलं आणि खाली घेऊन आली. मागून सर्जन काय काय बोलले ते सगळ्या मजल्याने ऐकलं.

मग त्यांचा फोन मला आला. तो मी कानापासून लांब धरला तरी ऐकू येत होता. मी तरातरा खाली आले आणि, आता सांगायलाही लाज वाटते, मी तिच्यावरच ओरडले. "मला न विचारता तू वर कशी गेलीस? आधी मला सांगायचं नाही?"

ती धापा टाकत होती. घाम पुसत म्हणाली, "विचारूनच करायचं तर सही माझी कशाला ठेवलीत?"

पावणेबारा वाजेपर्यंत मी त्या खोलीत शंभर फेऱ्या मारल्या असतील. पेनाचं टोपण काढ-घाल, काढ-घाल. काकूंनी शेवटी पेन हातातून काढून घेतलं. पावणेबाराला खोबणीतला दिवा हिरवा झाला. नळी साफ. जंतू मेलेले. ताट पहिल्यापासूनच निर्दोष होतं.

"झालं समाधान?" मामा म्हणाला. "कढी तीच, भात तोच. फुकट त्या माणसाला दोन तास उपाशी टांगलं." दोघंतिघं हसले. मोठ्याने नाही, पण हसले.

तीनदाने ताटाच्या पानावर वेळ लिहिली, स्वतःची सही केली, ताट वर पाठवलं. मग हात धुतले, माझ्या खोलीत आली आणि पत्र टेबलावर ठेवलं.

"हे परत घ्या ताई. मी पॅकिंगलाच बरी."

"अगं, लोक हसतात ते चार दिवस. मनावर काय घेतेस?"

"हसू देत. हसण्याचं काय नाही. तुम्ही मला पद दिलंत आणि त्याच दिवशी सगळ्यांसमोर काढून घेतलंत. काही बदलणार नाही म्हणालात. मग मी वर गेले ती कोण म्हणून गेले? आज नळी साफ निघाली. उद्या नाही निघाली तर? पान माझ्या पाळीचं, सही मामांची, सकाळी सातची. तेव्हा तुम्ही कुणाला धरणार?"

उत्तर होतं, पण ते तोंडातून निघत नव्हतं. मामाला ती जागा का मिळाली नाही, सहा वर्षांपूर्वी आणि आत्ताही, याचं कारण त्या आगाऊ सह्याच. माझ्याच हाताने मी वरच्या साहेबांना लिहून दिलं होतं: माल न बघता सोडण्याची सवय. मामाला मात्र एका शब्दाने सांगितलं नव्हतं. दरवेळी 'वरून झालं नाही' म्हणायचे. आणि का सांगितलं नव्हतं? कारण ती सवय त्याला लावली कुणी? मीच.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तिघंच माणसं होतो, चौथं आजारी, वरून फोनवर फोन. मी पाळीवर होते. मीच म्हणाले होते, "मामा, तुम्ही सकाळीच सगळ्या पानांवर सह्या करून ठेवा ना, मी बघते आकड्यांचं." तो आधी नको म्हणाला होता. "बघितल्याशिवाय सही करू नये पोरी." मी हट्ट धरला. माझ्यासाठी केलं त्याने ते. पुढे माणसं वाढली, मी वर चढले, सवय तशीच राहिली. आणि त्याच सवयीवर बोट ठेवून मी त्याला दोनदा डावललं.

मी पत्र उचलून तीनदाच्या हातात परत दिलं. "पाच मिनिटं थांब. मग ठरव."

आधी वर थिएटरला सूचना पाठवली, सहीच्या नमुन्यासकट. मग सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. चहा नाही, बिस्किटं नाहीत. मी उभीच राहिले, बसवतच नव्हतं.

"परवा मी चुकीचं सांगितलं. बरंच बदललंय. मालाची सही आजपासून फक्त हिची. ही नसेल त्या पाळीला कुणाची, ते ही लिहून ठेवेल. मामांची नाही, काकूंची नाही, माझीपण नाही. मी खाली येऊन म्हटलं की सोड, तरी सोडायचं नाही. वरून फोन आला तर हिला द्यायचा. रजा हिला विचारायची. पाळ्या ही लावेल, तक्रार असली तर आधी हिच्याशी बोला. हिच्या जागी पॅकिंगला आठवड्याला एक जण, यादी संध्याकाळपर्यंत लागेल. आणि आगाऊ सही बंद. आज, आत्ता."

मामाने मान वर केली. "चौदा वर्षांत एक माल परत आला नाही माझ्या सहीचा."

"नाही आला," मी म्हणाले. "आणि आगाऊ सही तुमची खोड नाही मामा. ती मी लावली. तुम्ही नको म्हणाला होतात."

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. सगळ्यांना वाटलं असतं, काय मोठ्या मनाची बाई. पण तीनदा समोर उभी होती, हातात पत्र घेऊन.

"आणि तुमची जागा त्या सह्यांनीच गेली," मी म्हणाले. "दोन्ही वेळा. वरून काही अडलं नव्हतं. मीच लिहून दिलं होतं."

त्याने हळूच विचारलं, "सहा वर्षांपूर्वी पण?"

"हो."

"तेव्हाच सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी सोडलं असतं ना गं पोरी. एका दिवसाचं काम होतं."

मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, ओक्साबोक्शी. तो उठला, खणातली उरलेल्या दिवसाची पानं काढली, प्रत्येकावरची आपली सही आडवी खोडली आणि पानं तीनदापुढे ठेवली. तिने पत्राची घडी घालून एप्रनच्या खिशात घातलं आणि दुसऱ्या फेरीचं दार उघडायला गेली. मामा तिच्या मागे गेला, ताटं काढायला.

या गोष्टीला सात महिने झाले. विभाग उत्तम चाललाय. वरच्या सिस्टर आता थेट तीनदालाच मागतात आणि तिने नाही म्हटलं की वाद घालत नाहीत. मामाचं तिच्याशी जमलंय, मशीनचं रबर बदलायचं की नाही यावर दोघं तासभर भांडतात आणि मग एकत्र डबा खातात. माझ्याशीही तो नीट वागतो. काही मागितलं की आणून देतो, विचारलं की सांगतो. फक्त त्या दिवसापासून तो मला 'मॅडम' म्हणतो.